दोघांतलं बोलणं, सत्तेचाळीस जणांचा ग्रुप

समजा, एका बुधवारी संध्याकाळी असं घडतं. नाशिकला राहणारा धाकटा भाऊ ठाण्यातल्या थोरल्या बहिणीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितो, ‘ताई, रिपोर्ट आला. गाठ साधी नाही म्हणाले डॉक्टर. पण अगदी सुरुवातीला सापडली आहे, घाबरू नकोस.’ घड्याळात सव्वासात. मिनिटभरानं दुसरा मेसेज येतो, ‘सोमवारी ऑपरेशन. पैशांचं बघतोय, पीएफमधून काढावे लागतील बहुतेक.’ ताईच्या डोळ्यांत पाणी येतं. सात वाजून अठरा मिनिटांनी ती स्क्रीनशॉट काढते, घरच्या सत्तेचाळीस जणांच्या ग्रुपवर टाकते आणि खाली लिहिते, ‘सगळ्यांनी प्रार्थना करा.’ सात-वीसला भावाचा तिसरा मेसेज येतो, ‘आईला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी संगमनेरला जाऊन, समोर बसून सांगणार आहे.’

आई त्या ग्रुपमध्ये आहे.

इथे कुणाच्याही मनात वाईट नाही. सूड नाही, चहाडी नाही, कुणाला उघडं पाडण्याची इच्छा नाही. बदनामीसाठी चॅट फोडणाऱ्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात आणि तिथे चूक कुणाची हे सांगायला फार विचार करावा लागत नाही. घराघरांत जे घडतं ते बहुतेक वेळा या ताईसारखं असतं. काळजीपोटी, घाईत, कधी ‘पुन्हा सगळं टाइप कोण करणार’ एवढ्याच कारणानं ते होतं, आणि म्हणूनच ते नीट समजून घ्यायला हवं.

ताईनं खरं तर एक नव्हे, दोन गोष्टी केल्या. आधी पडद्याचं चित्र घेतलं, मग ते दुसऱ्यांना दाखवलं. बटणं दाबायला दोन-तीन सेकंद लागतात म्हणून या दोन्ही क्रिया एकच वाटतात, पण त्यांच्यात मोठं अंतर आहे. भावानं पाठवलेला हॉस्पिटलचा पत्ता, ऑपरेशनची वेळ, बँकेचा खातेक्रमांक हरवू नये म्हणून स्क्रीनशॉट काढून स्वतःच्या फोनात ठेवला तर मूळ बोलणं अजून त्या दोघांतच राहतं. ते तिसऱ्याच्या डोळ्यांपुढे जातं तेव्हाच त्याचं स्वरूप बदलतं. मराठीत ‘चव्हाट्यावर मांडणं’ म्हणतात ते हेच. चव्हाटा म्हणजे चार वाटा एकत्र येतात ती जागा. घरातलं बोलणं तिथे गेलं की कुठल्या वाटेनं कुणीकडे जाईल, हे मांडणाऱ्याच्या हातात उरत नाही.

चित्र घेऊ देणं आणि ते पसरवू देणं या वेगळ्या परवानग्या आहेत, हे भारतीय फौजदारी कायद्यानं एका ठिकाणी अगदी स्पष्ट लिहून ठेवलं आहे. २०१३ साली भारतीय दंड संहितेत आलेलं आणि आता भारतीय न्याय संहितेत कलम ७७ म्हणून असलेलं कलम स्त्रीच्या खासगी क्षणांची चित्रं घेण्याबद्दल आहे. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे, की स्त्रीनं चित्र घ्यायला संमती दिली असली, पण ते तिसऱ्या व्यक्तीपर्यंत पोचवायला दिली नसली, तर पोचवणं हा गुन्हाच ठरतो. हे कलम त्या विशिष्ट चित्रांपुरतं आहे. भावाबहिणीच्या मेसेजला ते लागू होत नाही. पण त्यातला विचार मात्र रोजच्या वापराला पुरेसा आहे.

आणि तो वापरावा लागतो, कारण घरगुती बाबतीत कायदा जवळजवळ गप्प आहे. वैयक्तिक माहितीच्या रक्षणासाठी संसदेनं २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा केला, पण एखाद्या व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी माहिती हाताळली तर तो कायदा लागू होत नाही. हे योग्यच आहे. भावाच्या आजाराची बातमी मामाला सांगितली म्हणून सरकारनं घरात येऊ नये. पण याचा अर्थ असा, की फॅमिली ग्रुपवर काय जावं आणि काय जाऊ नये, हे ठरवायला शिष्टाचाराशिवाय दुसरं काही नाही.

हा शिष्टाचार फोनाबरोबर जन्मलेला नाही. ‘वाचून झाल्यावर फाडून टाक’ असं पत्राच्या शेवटी लिहिणारी पिढी अजून आपल्यात आहे. पोस्टकार्ड वाटेत कुणीही वाचेल हे तिला ठाऊक होतं, म्हणून त्यावर खुशाली लिहिली जायची. मनातलं लिहायचं असलं की आंतर्देशीय पत्र घ्यायचं, त्याच्या कडा नीट चिकटवायच्या. दुसऱ्याच्या नावचं पत्र फोडू नये हे मुलांना न शिकवताही कळत असे. आपल्या नावचं पत्र मात्र आपलंच, ते कुणालाही दाखवावं, असा समज तेव्हाही होता. या समजाचं उत्तर इंग्लंडमध्ये १७४१ साली एका न्यायाधीशानं देऊन ठेवलं आहे.

एडमंड कर्ल नावाच्या लंडनच्या पुस्तकविक्रेत्यानं कवी अलेक्झांडर पोप यांचा खासगी पत्रव्यवहार परवानगीशिवाय छापला. पोप कोर्टात गेले. कर्लचं म्हणणं थोडक्यात असं, की पत्र पाठवलं म्हणजे दिलं, आता त्यावर लिहिणाऱ्याचा काय हक्क? लॉर्ड चॅन्सेलर हार्डविक यांनी ते मानलं नाही. पत्र मिळालेल्या माणसाची मालकी फार तर कागदावर असते, ते साऱ्या जगासाठी छापण्याची मुभा त्याला मिळत नाही, असा त्यांचा निर्णय होता. त्यातला एक बारकावा फार बोलका आहे. पोप यांनी लिहिलेल्या पत्रांपुरतीच मनाई कायम राहिली. त्यांना आलेल्या पत्रांबद्दल त्यांना तक्रार करता आली नाही, कारण ते शब्द त्यांचे नव्हते. फोन ताईचा, पडदा ताईचा, स्क्रीनशॉटची फाइलही ताईचीच. ‘गाठ साधी नाही’ हे शब्द मात्र भावाचे.

दोन ओळींच्या मेसेजसाठी कुणी कोर्टात जाणार नाही आणि जाऊही नये. पण एखादं वाक्य कुणासाठी लिहिलं होतं, हा त्या वाक्याच्या अर्थाचाच भाग असतो. अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ हेलन निसेनबाउम यांनी खासगीपणाची मांडणी याच पायावर केली. त्यांच्या मते माहिती गुप्त आहे की उघड, हा प्रश्नच अपुरा आहे. ती ज्या नात्यात, ज्या अपेक्षेनं दिली गेली, त्या अपेक्षेला धरून ती पुढे गेली का, हे पाहायला हवं. डॉक्टरला सांगितलेलं दुसऱ्या डॉक्टरपर्यंत गेलं तर चालतं. तेच ऑफिसात गेलं तर विश्वास मोडतो. माहिती तीच, वाट चुकली. भावानं पीएफची गोष्ट ताईला सांगितली, कारण तिच्यापाशी पैशांची अडचण बोलायला लाज वाटत नाही. तीच ओळ त्याच्या सासुरवाडीच्या माणसांनी आणि चुलत भावंडांनी वाचली, की तो सगळ्यांच्या नजरेत मदत मागणारा होतो. त्यानं मदत मागितलेली नाही.

स्क्रीनशॉट आणि साधं फॉरवर्ड यांत एक फरक आहे, जो फार थोड्यांच्या लक्षात येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादा मजकूर फॉरवर्ड केला तर त्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण येते. भारतात ती २०१८ पासून दिसते. पण मूळ कुणी लिहिलं, त्याचं नाव पुढे जात नाही. स्क्रीनशॉटचं नेमकं उलटं आहे. पहिल्यांदा पाठवताना त्यावर फॉरवर्डची खूण नसते, पण नाव, फोटो, वेळ आणि शब्द सगळं जसंच्या तसं जातं. म्हणजे बातमी पोचवायला जे लागत नाही तेच त्यात सर्वांत ठळक असतं. ताईनं स्वतःच्या शब्दांत ‘दादाच्या तब्येतीसाठी प्रार्थना करा, सविस्तर तोच सांगेल’ एवढं लिहिलं असतं, तरीही आधी त्याला विचारायला हवंच होतं, पण पीएफ तरी बाहेर गेला नसता.

शिवाय चित्रात काढणाऱ्याच्या नकळत बरंच येतं. वरच्या पट्टीत समोरच्याचं नाव असतं, ते आपण आपल्या फोनात जसं साठवलं आहे तसं. प्रेमानं किंवा रागानं ठेवलेलं टोपणनाव तिथे सगळ्यांना दिसतं. नंबर साठवलेला नसेल तर पूर्ण मोबाइल क्रमांक दिसतो. त्याच क्षणी वरून एखादी सूचना उतरली असेल तर बँकेच्या ओटीपीपासून दुसऱ्याच्या मेसेजपर्यंत काहीही चित्रात पकडलं जातं. पाठवण्याआधी चित्र एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं, तर यातलं बहुतेक सापडतं.

लपवलेलं खरंच लपतं असंही नाही. फोनातल्या हायलायटरनं नावावर काळी रेघ ओढली तर ती अर्धपारदर्शक असू शकते. चित्राचा उजेड वाढवला की खालची अक्षरं वर येतात. कापलेल्या चित्राची गोष्ट आणखी धक्कादायक आहे. मार्च २०२३ मध्ये सायमन आरन्स आणि डेव्हिड ब्युकॅनन या संशोधकांनी दाखवून दिलं, की गूगलच्या पिक्सेल फोनांवर कापलेल्या स्क्रीनशॉटचा कापून टाकलेला भाग फाइलच्या शेपटीत तसाच उरत होता आणि तो परत काढता येत होता. हा दोष काही वर्षं तसाच राहिला होता. तसाच दोष विंडोज ११ च्या स्निपिंग टूलमध्येही सापडला. दोन्ही दुरुस्त झाले, पण आधी पाठवून झालेली चित्रं कुणाला दुरुस्त करता आली नाहीत. नाव झाकायचंच असेल तर भरीव, अपारदर्शक चौकोन घालावा आणि त्या झाकलेल्या चित्राचाच पुन्हा एक स्क्रीनशॉट काढून तो पाठवावा. नव्या चित्रात जुन्या फाइलचं काही उरत नाही.

जे दिसतं त्यापेक्षा जे दिसत नाही त्यानं अधिक नुकसान होतं. स्क्रीनशॉट म्हणजे बोलण्याच्या मधून कापलेला एक तुकडा. आधीचं वरच्या बाजूला राहिलं, नंतरचं खाली. आपल्या गोष्टीत तर सर्वांत महत्त्वाचं वाक्य चित्र काढलं तेव्हा लिहूनही झालं नव्हतं. बोलणं चालू असताना घेतलेल्या चित्रात हा धोका नेहमीच असतो. ‘टायपिंग’ असं वर दिसत असताना तर स्क्रीनशॉट काढूच नये, कारण समोरचा अजून बोलतो आहे.

तुकडा भलत्याच गोष्टीला चिकटला तर काय होतं, हे मे २०२० मध्ये दिल्लीत दिसलं. काही शाळकरी मुलांच्या ‘बॉइज लॉकर रूम’ नावाच्या इन्स्टाग्राम ग्रुपमधल्या मुलींविषयीच्या घाणेरड्या बोलण्याचे स्क्रीनशॉट बाहेर आले आणि देशभर संताप उसळला. तो संताप रास्तच होता. त्या चित्रांबरोबरच आणखी एक स्क्रीनशॉट फिरत होता. त्यात स्नॅपचॅटवरच्या दोघांच्या संभाषणात एका मुलीवर अत्याचार करण्याचा बेत मांडलेला होता. लोकांनी तो त्याच ग्रुपचा धरला. पोलिसांनी तपास केला तेव्हा कळलं, की त्या संभाषणाचा या ग्रुपशी संबंधच नव्हता. एका मुलीनं मुलाच्या नावानं खोटं खातं उघडून, समोरचा मुलगा कसा वागतो हे पाहण्यासाठी स्वतःबद्दलच ते लिहिलं होतं. त्या मुलानं साथ द्यायला नकार दिला आणि स्क्रीनशॉट काढून आपल्या मित्रमंडळींना सावध करायला पाठवला. त्यांच्यातल्या एकाकडून तो सार्वजनिक झाला आणि पुढे दुसऱ्याच प्रकरणात जाऊन मिसळला.

इथे पहिल्या मुलाचं वागणं चुकीचं होतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. अत्याचाराचा बेत ऐकून कुणालातरी सांगणं हे कर्तव्यच. पण त्याच्या मित्रांना चित्र का आलं हे ठाऊक होतं, मित्रांच्या मित्रांना ते अर्धवट ठाऊक होतं आणि त्यापुढच्यांना काहीच ठाऊक नव्हतं. चित्र प्रत्येक टप्प्यावर तेच राहिलं. सोबतचं सांगणं गळत गेलं. स्क्रीनशॉटला पुरावा समजण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण तो कुणाचा, कधीचा आणि कशाबद्दलचा हे त्या चित्रात नसतं.

मग विचारायचं कसं? ‘पुढे पाठवू का?’ हा प्रश्न ऐकायला बरा वाटतो, पण त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. कुणाला, काय आणि कोणत्या रूपात, हे तिन्ही त्यात हवं. ताईनं लिहायला हवं होतं ते असं काहीतरी: ‘घरच्या ग्रुपवर सांगू का? तुझा मेसेज नाही टाकत, मीच दोन ओळी लिहिते. ऑपरेशन सोमवारी आहे हे सांगितलं तर चालेल ना?’ हा प्रश्न विचारला असता तर दोनच मिनिटांत आईबद्दलचं उत्तर समोर आलं असतं. परवानगी मागणं हे सौजन्य तर आहेच, पण आपल्याला जे ठाऊक नाही ते कळण्याचा तो सर्वांत सोपा रस्ताही आहे.

उत्तर आलं नाही तर? निळ्या दोन टिका म्हणजे वाचलं, ‘हो’ नव्हे. ऑपरेशनच्या धावपळीतला माणूस चार तास उत्तर देणार नाही, आणि बातमी तेवढा वेळ थांबू शकते. थांबू शकत नसेल तर फोन करावा. मिळालेली परवानगीही त्या ग्रुपपुरतीच असते. घरच्या ग्रुपला ‘हो’ म्हटलं म्हणून सोसायटीच्या ग्रुपला म्हटलं असं होत नाही. ग्रुपमधल्या मावशीला ते आपल्या भिशीच्या ग्रुपवर टाकावंसं वाटलं तर तिनं पुन्हा विचारायला हवं, आणि ते ताईला नाही, भावाला.

एक अडचण वरच्या उदाहरणात आलेली नाही, पण ती रोज येते. दोघांच्या चॅटमध्ये पुष्कळदा तिसऱ्याचीच गोष्ट असते: आतेबहिणीचं मोडलेलं लग्न, शेजाऱ्यांच्या मुलाची नोकरी, सहकाऱ्याचा गर्भपात. अशा वेळी लिहिणारा आणि वाचणारा दोघंही राजी असले तरी भागत नाही. ज्याची गोष्ट आहे तो त्या संभाषणात हजरच नाही. लिहिणाऱ्यानं स्वतः कुणाच्या तरी विश्वासावर ती ऐकलेली असते, आणि जे त्याच्या हातातलं नाही ते देण्याची परवानगी त्याला देता येत नाही. अशा मजकुराचा स्क्रीनशॉट ग्रुपवर जाऊच नये, असं स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

अ‍ॅपच्या सोयींवर भरवसा ठेवून हा प्रश्न सुटत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या चॅटचा स्क्रीनशॉट काढला तर समोरच्याला काही कळत नाही. एकदाच उघडणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट अ‍ॅप काढू देत नाही, पण दुसऱ्या फोनचा कॅमेरा समोर धरायला कुणाची आडकाठी नाही. आपोआप नाहीसे होणारे मेसेज नाहीसे होण्याआधी टिपता येतात. २०२५ मध्ये आलेल्या वाढीव चॅट प्रायव्हसीच्या सोयीनं संपूर्ण चॅट बाहेर काढणं आणि फोटो आपोआप साठणं थांबतं, पण एकेका पडद्याचा स्क्रीनशॉट नाही. संदेश वाटेत कुणी वाचू नये याची उत्तम व्यवस्था अ‍ॅपनं २०१६ पासून केली आहे. पोचल्यावर काय होईल ते मात्र वाचणाऱ्याच्या हातात राहतं.

काही वेळा विचारण्याची गरज नसते, उलट विचारूच नये. कुणी धमकी देत असेल, अश्लील मेसेज पाठवत असेल, पैसे उकळत असेल, तर त्याच्या संमतीचा प्रश्न येत नाही. पण तेव्हाही सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणं हा पहिला मार्ग ठरू नये. त्यानं समोरचा सावध होतो, स्वतःचे मेसेज पुसतो, आणि त्रास सोसणारी व्यक्तीच चर्चेचा विषय होते. मूळ चॅट फोनात तशीच ठेवावी, त्या माणसाला अडवण्याआधी क्रमांक आणि तारखांसह सगळं संभाषण पहिल्यापासून जपावं, आणि तक्रार पोलिसांकडे किंवा cybercrime.gov.in वर करावी. पैशांची फसवणूक असेल तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवावा.

मूळ फोन जपायला सांगण्यामागे कारण आहे, आणि त्याचा धागा जालन्यापर्यंत जातो. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात, उमेदवारी अर्ज दाखल करतानाचं चित्रीकरण पुरावा म्हणून कसं मानायचं असा प्रश्न उभा राहिला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२० मध्ये सांगितलं, की मूळ उपकरण हजर करता येत नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्यात सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही कलम ६३ मध्ये अशा प्रमाणपत्राची अट आहे. ग्रुपवर फिरून फिरून धुरकट झालेलं, कुणी कापलेलं हे सांगता न येणारं चित्र तिथे फार उपयोगी पडत नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीत तर गप्प राहणं हे कायदेशीर बंधन आहे. २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारीतला मजकूर, तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचं कामकाज लोकांपर्यंत पोचवायला मनाई करतं. तक्रारदार सहकाऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं म्हणून तिचे मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर टाकणारे लोक तिची बाजू कमकुवत करत असतात.

आता पुन्हा ताईकडे. सात-वीस झाले आहेत, तिसरा मेसेज वाचून तिच्या पोटात गोळा आला आहे. हातात आहे ते इतकंच. ग्रुपवरच्या त्या चित्रावर बोट दाबून धरून माहिती उघडली की कुणी वाचलं याची यादी दिसते. ग्रुपमध्ये ही नोंद कुणाला बंद करता येत नाही. आईचं नाव वाचलेल्यांत आहे की नुसतं पोचलेल्यांत, हे पाहायला तीन सेकंद लागतात. मग ‘सगळ्यांसाठी डिलीट’. पाठवल्यापासून दोन दिवसांहून थोडा जास्त काळ ते करता येतं, ग्रुपचा अ‍ॅडमिनही ते करू शकतो. पण जागेवर ‘मेसेज डिलीट केला’ अशी ओळ उरते, आणि ‘काय होतं गं?’ विचारणारं कुणीतरी असतंच. ज्यांच्या फोनात फोटो आपोआप साठतात त्यांच्यातल्या काहींच्या, विशेषतः आयफोनच्या, गॅलरीत तो पुसल्यावरही राहू शकतो.

ज्यांनी ते पाहिलं त्यांच्याकडूनही काही अपेक्षित आहे. ग्रुपवर ‘अरे बापरे, काळजी घे’ लिहिलं की आईचा फोन पुन्हा वाजतो आणि सगळ्यांचं लक्ष तिथेच जातं. ज्याला बोलायचं असेल त्यानं ताईला स्वतंत्र लिहावं. गॅलरीत चित्र आलं असेल तर काढून टाकावं, आणि त्याबद्दल कुणापाशी बोलू नये.

यादीत आईचं नाव पोचलेल्यांत होतं, वाचलेल्यांत नव्हतं. देवापाशी दिवा लावताना तिचा फोन चार्जिंगला असतो. ताईनं चित्र पुसलं आणि पहिला फोन भावाला केला. आईला फोन करून बाजू सावरायचा मोह तिनं आवरला, कारण काय सांगायचं हे ठरवायचा हक्क त्याचा होता. ‘माझ्याकडून चूक झाली. तुझा मेसेज ग्रुपवर टाकला होता, दोन मिनिटं होता, नऊ जणांनी वाचला, आईनं नाही’ असं तिनं आकड्यांसकट सांगितलं, ‘चुकून गेला’ असं म्हटलं नाही. भाऊ थोडा वेळ गप्प राहिला. मग शनिवारची वाट न बघता त्याच रात्री गाडी काढून संगमनेरला गेला.

सोमवारी दुपारी ऑपरेशन झालं. ग्रुपवरचा निरोप ताईनंच लिहिला, पण आधी वहिनीला पाठवला. वहिनीनं त्यातलं हॉस्पिटलचं नाव आणि खोलीचा क्रमांक काढून टाकला, ‘बुधवारपर्यंत कुणी भेटायला येऊ नका’ ही ओळ घातली आणि लिहिलं, ‘ताई, आता टाका.’